वहीतलं गणित समजते, मग पेपरातलं का अडते? सोडवलेलं उदाहरण आणि नवं गणित यांच्या मधली पायरी

अमरावती / अकोला : "सर फळ्यावर शिकवतात तवा सगळं समजते, पण पेपरात गणित पाहिलं का सुचतच नाही." शाळेत जाणारं पोरगं असलेल्या बहुतेक घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकू येते. आईवडील म्हणतात, अभ्यास कमी पडला. पोरगं म्हणते, पेपर अवघड होता. खरं कारण बरेचदा या दोन्हींपेक्षा वेगळं असते. पोराने अभ्यास केलेला असतो, पण ज्या गोष्टीचा करायला पाहिजे होता तिचा केलेला नसतो.

ती गोष्ट कोणती, हे एका साध्या गणितावरून पाहू.

एक कापसाचं गणित, एक कुटाराचं

समजा आठवीतली एक मुलगी आहे. तिच्या वहीत सरांनी सोडवून दिलेलं गणित असं :

"१२ बाया एका वावरातला कापूस १० दिवसांत वेचतात. १५ बायांना तेच काम करायला किती दिवस लागतील?"

खाली उत्तर आहे. बाया वाढल्या तर दिवस कमी होतात, म्हणून हे व्यस्त प्रमाण. १२ × १० = १५ × दिवस. १२० भागिले १५, म्हणजे ८ दिवस.

मुलीने हे तीन वेळा वाचलं. प्रत्येक ओळ पटली. त्याखाली सरांनी दिलेली अशीच पाच गणितं तिने सोडवली आणि पाचही बरोबर आली. कुठं मजूर होते, कुठं गवंडी, कुठं ट्रॅक्टर. आकडे बदलले, पण रीत तीच राहिली. मुलगी म्हणाली, "हा धडा येते मले."

महिन्याने चाचणीत गणित आलं :

"एका शेतकऱ्याकडे ६ जनावरांना ४० दिवस पुरेल इतकं कुटार आहे. १० दिवसांनी त्याने आणखी ३ जनावरं विकत आणली. उरलेलं कुटार आता किती दिवस पुरेल?"

इथं ती थांबते. ना बाया, ना कापूस, ना "काम". तरी वहीतली रीत आठवून ती मांडते : ६ × ४० = ९ × दिवस. २४० भागिले ९. उत्तर पूर्ण येत नाही, साडेसव्वीसच्या वर काहीतरी येते. त्यातून १० वजा करावे की नाही, हे तिला ठरवता येत नाही. शेवटी ती गणित सोडून देते.

बरोबर उत्तर २० दिवस आहे. १० दिवस गेले, म्हणजे ६ जनावरांना ३० दिवस पुरेल इतकं कुटार उरलं. ६ × ३० = १८०. आता जनावरं ९ झाली. १८० भागिले ९, म्हणजे २०.

या गणितात तिला न येणारी एकही क्रिया नाही. वजाबाकी येते, गुणाकार येतो, भागाकार येतो, व्यस्त प्रमाणही येते. मग अडलं कुठं?

ठरवायचं काम दुसऱ्यानेच केलेलं असते

कोणतंही गणित सोडवताना दोन कामं असतात. पहिलं म्हणजे इथं कोणती रीत लागू होते आणि का, हे ठरवणं. दुसरं म्हणजे ती रीत चालवणं, म्हणजे गुणणं, भागणं, उत्तर काढणं.

सोडवलेलं उदाहरण वाचताना पहिलं काम सरांनी किंवा पुस्तकाने आधीच करून ठेवलेलं असते. आपण फक्त दुसरं काम पाहतो. प्रत्येक ओळ मागच्या ओळीतून निघते, म्हणून पटते. त्या पटण्यालाच आपण "आलं" समजतो. पण पुढची ओळ काय असावी, हे आपल्याला कुणी विचारलेलंच नसते. दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून दहा वेळा परतवाड्याला गेलेल्या माणसाला रस्ता ओळखीचा वाटतो. गाडी त्याच्या हाती दिली का पहिल्याच फाट्यावर तो विचारतो, डावीकडं का उजवीकडं?

सरावातही हेच होते. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याचं नाव वर असते, खाली सोडवलेली उदाहरणं आणि मग सरावसंच. सातवीत "समप्रमाण व व्यस्तप्रमाण" असा धडा आहे, आठवीत "चलन". व्यस्त प्रमाणाची उदाहरणं संपली का खालची गणितं व्यस्त प्रमाणाचीच असणार, हे पोराला गणित वाचायच्या आधीच माहीत असते. दहावीच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो, पण तोही त्याच धड्याचा. पेपरात मात्र धड्याचं नाव छापलेलं नसते. जे काम सरावात एकदाही केलं नाही, नेमकं तेच तिथं पहिल्यांदा करावं लागते.

म्हणून वहीतली पाचपैकी पाच बरोबर आलेली गणितं खोटी नाहीत, पण अर्धीच आहेत. रीत चालवता येते एवढंच त्यातून कळते. रीत ओळखता येते का, ते कळत नाही.

एका ठिकाणचं शिकणं आपोआप दुसरीकडं जात नाही

आपल्याला वाटते, एकदा हिशेब आला का तो कुठंही चालेल. तसं होत नाही, हे भारतातच तपासून पाहिलेलं आहे. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात भाजीपाला आणि इतर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला.

या मुलांना अमुक भावाने इतके ग्रॅम बटाटे, तमुक भावाने इतके कांदे, आणि शंभराच्या नोटेतून परत किती, हा हिशेब तोंडी जमत होता. त्याच मुलांना शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी वजाबाकी किंवा भागाकार दिला तर बरीच अडत होती. उलट शाळेत जाणारी मुलं कागदावरच्या क्रिया त्यांच्यापेक्षा बऱ्या करत, पण बाजाराचा हिशेब दिला का त्यातल्या फार थोड्यांना जमे.

दोन्ही गटांत हुशार पोरं होती. प्रत्येकाचं ज्ञान जिथं शिकलं तिथंच अडकून बसलं होतं. दोन्हीकडं हिशेब एकच आहे, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. आपल्या मुलीचं कापसाचं गणित कुटारापर्यंत पोचलं नाही, त्याचं कारणही हेच.

पोचवायचं कसं : पाच कामं

वर दिलेलंच कापसाचं गणित घेऊन ही कामं एकेक करून पाहू.

१. उत्तर झाका आणि पुन्हा करा. उदाहरण एकदा नीट वाचा. मग त्यावर वही ठेवून कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सोडवा. अडलं तर फक्त ती एक ओळ उघडून पाहा आणि परत झाका. जिथं अडलं तिथं पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा न पाहता करा. वाचताना "येते" वाटलेलं गणित झाकल्यावर किती ठिकाणी अडते, हे पाहून पोरालाच नवल वाटेल.

२. प्रत्येक आकड्याला त्याचं नाव द्या. १२ × १० = १२० असं लिहिलं, तर विचारा, १२० काय? बाया? दिवस? बहुतेक पोरं इथं गप्प होतात. हे १२० "बाई-दिवस" आहेत. म्हणजे ते वावर वेचायला एका बाईचे १२० दिवस लागतात, किंवा १२० बायांचा एक दिवस. ही त्या वावरातल्या कामाची एकूण रास आहे. ती १५ जणींत वाटली का प्रत्येकीच्या वाट्याला ८ दिवस येतात.

हे नाव दिलं का सूत्र पाठ करायची गरज उरत नाही. कुटाराच्या गणितात ६ × ४० = २४० हे "जनावर-दिवस" आहेत. १० दिवसांत ६ जनावरांनी ६० खाल्ले, उरले १८०. ते आता ९ जनावरांत वाटायचे. १० वजा कुठून करायचे, हा मुलीला पडलेला प्रश्न इथं पडतच नाही. कारण आपण आकडे वजा करत नाही, खाल्लेलं कुटार वजा करतो.

३. त्याच उदाहरणात एक गोष्ट बदला. नवीन गणित शोधायला जाऊ नका. आहे तेच थोडं मोडा. समजा १२ बाया ४ दिवस आल्या आणि नंतर ३ बाया दुसऱ्याच्या वेचणीला गेल्या. आता किती दिवस लागतील? एकूण १२० बाई-दिवस. ४ दिवसांत १२ जणींनी ४८ केले, उरले ७२. राहिलेल्या ९ जणींना आणखी ८ दिवस लागतील. आता उलटं विचारा : काम ६ दिवसांतच संपवायचं असेल तर पहिल्या दिवसापासून किती बाया लागतील? १२० भागिले ६, म्हणजे २०. एका उदाहरणाची अशी तीन गणितं झाली, आणि तिन्हींत काय तसंच राहिलं हे पोराला दिसलं. वावर तेच, म्हणून १२० तेच.

४. दोन गणितं शेजारी ठेवा. हे सर्वांत कामाचं आणि सर्वांत कमी केलं जाणारं काम आहे. एका बाजूला कापसाचं गणित, दुसऱ्या बाजूला कुटाराचं. पोराला सोडवायला सांगू नका, फक्त विचारा : या दोघांत सारखं काय? त्याने स्वतः म्हटलं पाहिजे का दोन्हीकडं एक ठरलेली रास आहे आणि ती वाटून घेणारे कमीजास्त होतात. बाया रास वेचतात, जनावरं रास खातात.

मग दिसायला सारखी पण आतून वेगळी जोडी द्या. "१२ बाया एका दिवसात ४ क्विंटल ८० किलो कापूस वेचतात. १५ बाया एका दिवसात किती वेचतील?" शब्द तेच, बाया तेवढ्याच. पण इथं रास ठरलेली नाही, बाया वाढल्या का कापूसही वाढतो. एका बाईचे ४० किलो, म्हणून १५ जणींचे ६ क्विंटल. जो पोरगा "बाया दिसल्या का व्यस्त" असं शिकला असेल, त्याचं उत्तर ३ क्विंटल ८४ किलो येईल. बाया वाढून कापूस कमी कसा झाला, हे त्यालाच विचारा.

आणि एक असंही द्या जिथं प्रमाणच नाही. "४ माणसं एसटीने परतवाड्याहून अमरावतीला दीड तासात पोचतात. ८ माणसांना किती वेळ लागेल?" तीन तास किंवा पाऊण तास असं उत्तर आलं, तर पोरगं गणित वाचत नाही, आकडे उचलते, हे समजून जा.

५. धडे मिसळा. वेगवेगळ्या धड्यांतली वीस-पंचवीस गणितं चिठ्ठ्यांवर लिहा. त्यावर धड्याचं नाव नको, सरावसंचाचा नंबर नको. चिठ्ठ्या एका डब्यात टाका. रोज पाच काढायच्या. पहिल्या आठवड्यात सोडवायच्याही नाहीत. फक्त एक ओळ लिहायची : इथं कोणती रीत आणि कशावरून. "व्यस्त, कारण कुटार ठरलेलं आहे." "सम, कारण प्रत्येकीचा कापूस वाढत जातो." एका चिठ्ठीला दोन मिनिटं पुरतात. ज्या कामाचा सराव वहीत कधी होत नाही, तो इथं होतो.

मिसळल्याने फरक पडतो का?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सातवीच्या ५४ वर्गांवर हे करून पाहिलं आहे. संशोधक डग रोहरर यांच्या गटाने २०२० मध्ये त्याचे निकाल छापले. काही वर्गांना एका धड्याची गणितं सलग दिली, तर काही वर्गांना वेगवेगळ्या धड्यांची मिसळून. हा सराव सुमारे चार महिने चालला. मग एक महिना जाऊ देऊन, आधी न सांगता परीक्षा घेतली. सलग सराव करणाऱ्यांना सरासरी ३८ टक्के मिळाले, मिसळून सराव करणाऱ्यांना ६१ टक्के.

यात एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवायची. मिसळून सराव करताना पोरगं रोज जास्त चुकते, जास्त वेळ लावते आणि कुरकुरतेही. सलग दहा गणितं भराभर करणारं पोरगं त्या दिवशी पुढं दिसते. म्हणून बरेच जण आठ दिवसांत मिसळणं सोडून देतात. पण रोजची वही आणि महिन्यानंतरचा पेपर यांत फरक आहे.

पोरगं कुठं अडलं, हे कसं ओळखायचं?

यासाठी आईवडिलांना गणित आलंच पाहिजे असं नाही. पोरगं पेपर घेऊन आलं का चुकलेल्या गणितावर बोट ठेवा आणि एवढंच सांगा : "हे व्यस्त प्रमाणाचं आहे, आता करून दाखव." धड्याचं नाव सांगितल्याबरोबर त्याला सुटलं, तर रीत येते पण ओळखता येत नाही. अशा पोरासाठी वरची चौथी आणि पाचवी कामं. चुकलेलं गणित कोणत्या धड्याचं हे तुम्हाला कळत नसेल, तर शाळेतल्या बाईंना तेवढंच विचारून या.

नाव सांगूनही सुटलं नाही, तर रीतच कच्ची आहे. पहिल्या तीन कामांपासून सुरू करा. आणि मांडणी बरोबर आहे पण १८० भागिले ९ चुकलं, तर दुखणं पाढ्यांत आणि भागाकारात आहे. तिथं चिठ्ठ्यांचा डबा काही कामाचा नाही, आधी पाढे आणि भागाकारच पक्का करावा लागेल.

"गुणायचं का भागायचं?" असं पोरगं गणित पूर्ण वाचायच्या आधीच विचारत असेल, तर ते आकड्यांकडं पाहून अंदाज लावते आहे. त्याला गणित स्वतःच्या शब्दांत, आकडे न घेता सांगायला लावा. "एका माणसाकडं कुटार होतं, मधातच जनावरं वाढली, आता ते लवकर संपेल." एवढं सांगता आलं तर उत्तर ४० पेक्षा कमीच येणार, हे त्याला सोडवायच्या आधी कळते.

याच्याही मर्यादा आहेत

सोडवलेली उदाहरणं वाईट नाहीत. धडा अगदी नवा असतो तेव्हा तीच लागतात. काहीच माहीत नसताना पोराला एकदम नव्या गणितात ढकललं तर ते चाचपडत बसते आणि हाती काही लागत नाही. आधी दोन-तीन उदाहरणं समजून घ्यायची, मग झाकून करायची, मग मोडायची, आणि धडा थोडा बसल्यावर मिसळायचा. हा क्रम उलटा करू नका.

दुसरं, हे शिकणं जवळच्या गणितांपर्यंत पोचते, फार लांब जात नाही. कापसाचं गणित कुटाराला लागू पडेल. त्याने भूमितीची सिद्धता सुचू लागेल, असं नाही. तिथं ही सगळी कामं भूमितीची उदाहरणं घेऊन पुन्हा करावी लागतात.

दहावीच्या गणिताच्या पेपरात शेवटचा पाचवा प्रश्न तीन गुणांचा असतो आणि तो सहसा पुस्तकात जसाच्या तसा सापडत नाही. शिष्यवृत्ती, पोलीस भरती अशा परीक्षांत तर सगळा पेपरच मिसळलेला असतो. त्या पेपरांची तयारी एकेक धडा सलग घोटून पूर्ण होत नाही.

आज संध्याकाळी घरी करून पाहा

ही चार गणितं पोराला एकदम द्या. आधी फक्त रीत आणि कारण लिहायला सांगा, उत्तर नंतर.

१) फवारणीच्या १५ लिटरच्या पंपाला ३० मिली औषध लागते. त्याच प्रमाणात १०० लिटरच्या ड्रमात किती टाकायचं?

२) ४ माणसांच्या घरात ३० दिवसांचे तांदूळ आहेत. ६ दिवसांनी २ पाहुणे राहायला आले. उरलेले तांदूळ किती दिवस पुरतील?

३) अंगणातल्या दोरीवर ३ लुगडी वाळायला २ तास लागले. दोरीवर जागा भरपूर आहे. त्याच उन्हात ९ लुगडी एकदम टाकली तर किती वेळ लागेल?

४) एक मोटार टाकी ६ तासांत भरते, दुसरी ३ तासांत. दोन्ही एकदम सुरू केल्या तर किती वेळात भरेल?

उत्तरं : पहिल्याचं २०० मिली, सम प्रमाण. दुसऱ्याचं १६ दिवस. ते कुटाराचंच गणित आहे, फक्त जनावरांच्या जागी माणसं आली. तिसऱ्याचं २ तासच, तिथं प्रमाण नाही. चौथ्याचं २ तास : पहिली मोटार तासाला टाकीचा सहावा हिस्सा भरते, दुसरी तिसरा हिस्सा, दोन्ही मिळून अर्धी टाकी. त्यात साडेचार उत्तर आलं तर पोराने ६ आणि ३ ची सरासरी काढली. त्याला एवढंच विचारा : एकटी दुसरी मोटार ३ तासांत भरते, मग पहिली मदतीला आल्यावर जास्त वेळ कसा लागेल?